नीदियाच्या खानावळीला मिळालेले तीन तारे

नीदिया कानुलची खानावळ आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. चार टेबलं, एक पंखा आणि स्वयंपाकघराला दाराऐवजी पडदा. नवरा गेला तेव्हा ती एकोणचाळीस वर्षांची होती. तेव्हापासून ती एकटीच रांधते, वाढते आणि बिलही स्वतःच्या हाताने लिहिते. मेक्सिकोतल्या आमच्या मेरिदा शहरात सोमवारी घरोघरी काळा राजमा आणि डुकराचं मांस शिजतं, तसं तिच्याकडेही शिजतं. फक्त ती सगळं वेगळं वाढते: राजमा रश्शासकट एका वाडग्यात, मांस ताटलीत, भात बाजूला, चिरलेला मुळा, कोथिंबीर आणि लिंबू छोट्या वाट्यांत. ज्याने त्याने आपल्या तोंडाला रुचेल तसं कालवावं.

यंदा मार्चपासून गिऱ्हाईक रोडावलं. चौकातल्या लहान हॉटेलच्या मालकीणबाई रेबेका पेरासा तिला म्हणाल्या, "तुझ्याकडे पाहुणे पाठवायला मला आनंदच आहे. पण आधी ते फोनवर तारे बघतात. तुझं तिथे नाव आहे, पण एकही अभिप्राय नाही. पाचातले चार तरी दिसू देत. शुक्रवारी मी बघेन." नीदियाने मला सांगून ठेवलं होतं, की हे जमलं नाही तर महिनाअखेर ती खानावळ बंद करणार आणि कुणाच्या तरी स्वयंपाकघरात नोकरी धरणार.

सोमवारी विल्बर्ट मास्तर नेहमीसारखे जेवायला आले. हे निवृत्त शिक्षक, विधुर. त्यांची मुलगी कान्कूनला असते. बाबा जेवले की नाही याचा ती रोज पुरावा मागते. तिनेच त्यांना नवा फोन दिला होता, बोललं की कामं करणारा. मास्तरांनी ताटाचा आणि बिलाचा एकेक फोटो काढला, फोनला म्हणाले, "काहीतरी टाकून दे," आणि जेवायला लागले.

मंगळवारी दुपारी मी तिथे कॉफी घेत होते. मास्तर आत आले तशी नीदिया पडद्याआडून बाहेर आली. हातात तिचा फोन होता.

"अकरा वर्षं माझ्या हातचं चाटूनपुसून खाल्लंत, मास्तर. आणि जगाला काय सांगितलंत? 'प्रमाण पुरेसं'! तीन तारे!"

"मी? कसले तारे?"

तिने वाचून दाखवलं. "'सोमवारचा काळा राजमा आणि डुकराचं मांस. लिंबूपाणी धरून पंचाण्णव पेसो. पदार्थ वेगवेगळे येतात, आपणच मिसळावे लागतात. प्रमाण पुरेसं.' खाली तुमचंच नाव आहे."

"तरीच! काल माझी लेक ओरडली, की फोटो आलाच नाही म्हणून." मास्तरांनी आपला फोन काढला आणि वर्गातल्या पोराला दरडावावं तसं विचारलं, "कुणी सांगितलं होतं तुला हे लिहायला?"

फोन शांतपणे म्हणाला, "तुम्ही 'काहीतरी टाकून दे' एवढंच म्हणालात. कुठे, ते सांगितलं नव्हतं. बिलावर खानावळीचं नाव होतं, म्हणून अभिप्राय टाकायचा असं मी धरलं. पदार्थ आणि किंमत फोटोंत दिसत होती. चव मला कळणं शक्य नव्हतं, आणि तारे दिल्याशिवाय अभिप्राय जात नाही, म्हणून मधला आकडा घातला. ते तुमचं मत नव्हतं, आणि तुमच्या नावाने टाकण्याआधी मी विचारायला हवं होतं. हाच अभिप्राय बदलता येतो. काय लिहू, आणि किती तारे?"

"बघा, चुकलो म्हणाला," मी म्हटलं. "तीस वर्षांत तुमच्या किती विद्यार्थ्यांनी असं कबूल केलं?"

मास्तरांनी खुर्ची ओढली. "लिही. हिचा राजमा मऊ असतो पण फुटत नाही. रस्सा वेगळा मिळतो म्हणून माझ्या दातांना भात भिजवून खाता येतो. बायको गेल्यापासून मी सोमवारची वाट बघतो ती इथल्या जेवणासाठी. तारे... नऊ."

"तारे पाचच असतात," फोन म्हणाला.

"दहापैकी नऊ म्हणतोय मी. दहा मी कुणालाच दिले नाहीत."

"म्हणजे साडेचार. इथे अर्धा तारा देता येत नाही. चार की पाच?"

नीदिया कमरेवर हात ठेवून उभी. "चार देऊन बघाच, मास्तर!"

"पाच," मास्तर म्हणाले. "पण मुळा जरा बारीक चिरत जा."

फोनने सगळं लिहिलेलं वाचून दाखवलं, टाकू का असं विचारलं, आणि मास्तरांनी हो म्हटल्यावरच टाकलं.

शुक्रवारी पावणेअकराला रेबेकाबाई आल्या. ताऱ्यांवर त्यांनी नुसती नजर टाकली. दातांचं आणि भाताचं मात्र दोनदा वाचलं.

"माझ्याकडे सध्या तीन म्हातारी जोडपी उतरली आहेत," त्या म्हणाल्या. "त्यांनाही असंच लागतं. सोमवारी सहा जणांचं होईल ना?"

"आठांचं करते," नीदिया म्हणाली, आणि राजमा निवडायला आतून मोठी परात घेऊन आली.