चावी कुणाकडं?

दीपमाला खरातच्या नावापुढे बरीच वर्षं ‘प्रोजेक्ट मॅनेजर’ लागत होतं, तरी ती नेमकं काय करते हे तिच्या सासूबाईंना, वच्छलाबाईंना, कधी उमगलं नव्हतं. शेजारणीनं विचारलं की त्या सांगत, “सून कंपनीत हाय. दुसऱ्याकडून कामं करून घेती.” याहून नेटकं वर्णन दीपमालेच्या ऑफिसातही कुणाला जमलं नसतं.

तिची कंपनी वाळूजची. दुसऱ्यांच्या कारखान्यांत रंगकामाच्या लाइन बसवून द्यायच्या, हा धंदा. यंदा मालकांनी सगळा कारभार लांब चाकणला हलवायचं ठरवलं आणि इथल्या लोकांना गोड शब्दांत सांगितलं, यायचं तर या. दीपमालेचा नवरा राजेंद्र दौलताबादच्या शाळेत मास्तर, मुलगी संस्कृती दहावीला. दीपमाला चाकणला गेली असती तर घराची दोन घरं झाली असती. तेवढ्यात बिडकीनकडच्या एका नव्या कारखान्याला प्रोजेक्ट मॅनेजर हवा असल्याचं कळलं. रोज जाऊन येण्यासारखी, तिच्या कामाची अशी ही एकच जागा होती, आणि तिथं आधी पाठवायचा होता प्रोफाइल.

तो ऋतुराजनं करून दिला. ऋतुराज तिच्याच ऑफिसातला, हौशी आणि कामाला चलाख. सगळ्यात वर पीएमपी या प्रोजेक्ट मॅनेजरांच्या परीक्षेच्या सर्टिफिकेटचा भलामोठा शिक्का, त्याखाली ‘हायब्रिड मेथडॉलॉजी’, ‘स्टेकहोल्डर अलाइनमेंट’, आणि प्रत्येक प्रोजेक्टपुढे निळ्या चौकटीत ‘एसपीआय १.०’. लग्नपत्रिकेसारखा नटलेला कागद. दीपमालेला तो आवडलाही. स्वतःचं इतकं इंग्रजी कौतुक वाचून कुणाला बरं वाटत नाही?

पाठवण्याआधी ती पडेगावला बद्रीनाथसाहेबांकडे गेली. नोकरीतले तिचे पहिले साहेब, आता निवृत्त. काम झालं म्हणून कुणी सांगायला आलं की ते एकच विचारत, “चावी कुणाकडं?” लाइन चालवणाऱ्या माणसानं ती स्वतः चालवून पाहून पॅनेलची चावी ताब्यात घेतली, तरच काम सुपूर्द झालं. चावी अजून आपल्या खिशात असेल, तर काम चालू आहे. मीटिंगमधल्या चकचकीत स्लाइडांना त्यांनी कधी भीक घातली नाही.

त्यांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली आणि विचारलं, हे सगळे एक-एक कसे गं? ऋतुराज असता तर म्हणाला असता, एक म्हणजे अगदी वेळेवर. पण दीपमाला तर परीक्षा देऊन बसली होती. एसपीआय म्हणजे आजवर जेवढं काम व्हायला हवं होतं, त्याच्या तुलनेत किती झालं. काम अर्धवट असताना तो आकडा मागं-पुढं दाखवतो. काम पूर्ण झालं की दोन्ही बाजू सारख्या होतात आणि आकडा एकवर येतो, मग उशीर महिन्याचा असो की दहा वर्षांचा. हे तिला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असून तिनं त्या निळ्या चौकटी चालवून घेतल्या होत्या.

साहेबांनी बोट वाळूजच्या मोठ्या रंगलाइनवर ठेवलं. “ही खंडेनवमीला दिली म्हनतीस. मग चावी कुणाकडं व्हती?”

खंडेनवमीला त्या लाइनला झेंडूची तोरणं लागली होती, नारळ फुटला होता, फोटोही निघाले होते. त्या फोटोंवर दोन्ही कंपन्यांनी काम झाल्याचं जाहीर करून टाकलं. आपल्याकडे पूजा झाली की काम झालं असं धरतात, यंत्रानं अजून एक सुटा भागही रंगवलेला नसला तरी. प्रत्यक्षात आदल्याच दिवशी रंग पक्का करणाऱ्या भट्टीच्या चाचणीत कोपऱ्यांतल्या भागांवरचा रंग कच्चा निघाला होता, कारण गरम हवा तिथं पोचतच नव्हती. पूजा होऊ द्या, चावी मिळणार नाही, असं तिनं वरच्या साहेबांना सांगितलं होतं. मग हवेचे मार्ग नव्यानं बसवले, आकस्मिक खर्चाला राखून ठेवलेल्या रकमेतून. मंजूर बजेट ओलांडलं नाही, पण चावी दिली ती पाच आठवडे उशिरा.

“माझ्याकडं,” ती म्हणाली.

“मग तसं लिही की.”

“उशीर लिहिला तर बोलावणारसुद्धा नाहीत, साहेब.”

“नसंल बोलवत तर ऱ्हाऊ दे. पन ह्या कागदात तू कुठंच नाय. हा कुनाचाबी असंल.”

हे तिला लागलं. घरी येताना तिला साहेबांचा राग आला, मग ऋतुराजचा, आणि मग सगळ्यात जास्त स्वतःचा. चावी न देता उभी राहिलेली ती बाई तिच्या आयुष्यातली सगळ्यात खमकी बाई होती, आणि तिलाच तिनं एका निळ्या चौकटीखाली झाकून टाकलं होतं.

नवा प्रोफाइल तिनं स्वतः लिहिला. प्रत्येक कामापुढे साध्या ओळी: काय बसवलं, मंजूर बजेट किती, खर्च किती, चावी कधी द्यायची होती, कधी दिली, फरक का पडला. ‘हायब्रिड’ काढून तिनं लिहिलं की पाया आणि भट्टीचं काम आधी ठरलेल्या टप्प्यांनी झालं, कारण काँक्रीट ओतल्यावर बदलता येत नाही. लाइन चालवायच्या स्क्रीन मात्र दर पंधरवड्याला ऑपरेटरना दाखवून, त्यांच्या सूचना घेऊन सुधारत नेल्या. सर्टिफिकेट शेवटी गेलं, एका ओळीत, नंबर आणि मुदतीसह. आणि प्रत्येक कामाखाली, त्या त्या माणसाला विचारून, चावी घेणाऱ्याचं नाव. रंगलाइनपुढे नाव होतं सांडू वाघ, शिफ्ट सुपरवायझर. रंगलाइनची ‘पाच आठवडे उशीर’ ही ओळ तिनं दोनदा खोडली आणि दोनदा लिहिली. मग डोळे मिटून पाठवून दिलं.

बोलावणं आलं. बिडकीनला मुलाखत घेणाऱ्या रूपा चौधरी त्या कारखान्याच्या प्रोजेक्टप्रमुख होत्या. त्यांनी सर्टिफिकेटबद्दल चकार शब्द काढला नाही, नंबर आधीच तपासला होता. विचारलं ते फक्त त्या पाच आठवड्यांबद्दल. दीपमालेनं भट्टी, कच्चा रंग, पूजा, सगळं सांगितलं. हेही सांगितलं की हवेची चाचणी तिनं भट्टी बसवायच्या आधीच पुरवठादाराकडे करून घ्यायला हवी होती. त्यानंतरच्या प्रत्येक कामात तशी घेतली. बाईंच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, आणि ही नोकरी गेली असं तिनं मनात धरूनही टाकलं.

मग बाई म्हणाल्या, “मी काल सांडू वाघांना फोन केला होता. उशीर झाला होता का, विचारलं.”

दीपमालेनं मान खाली घातली.

“ते म्हणाले, ‘व्हय, लई उशीर झाला. वरचे साहेब लई कावले मॅडमवर. पन चावी हातात आल्यापासून मॅडमला फोन करायची येळ नाय आली. आज तुमी इचारलं तवा त्यो उशीर आठवला.’”

दीपमालेला रडू आलं आणि तिनं ते पाण्याच्या ग्लासाआड लपवलं. बाईंनी बहुतेक पाहिलं, पण तसं दाखवलं नाही. कधीपासून येता येईल, एवढंच विचारलं.

घरी वच्छलाबाईंनी साखर हातावर ठेवली आणि शेजारी निरोप धाडला की सून आता बिडकीनला दुसऱ्याकडून कामं करून घेणार. दीपमालेनं पडेगावला फोन लावला. साहेबांनी अभिनंदन वगैरे काही केलं नाही, नेहमीचंच विचारलं.

“अजून नाही दिली, साहेब,” ती म्हणाली. “आता कुठं माझ्याकडं आलीये.”