पेढ्याच्या डब्याची आतली बाजू

जयमालाताई साळव्यांनी बावीस वर्षांत किती डबे चिकटवले असतील, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. नागापूरच्या एमआयडीसीतल्या छापखान्यात त्या लागल्या तेव्हा त्यांचा तुषार दुसरीत होता, आता तो पुण्याला नोकरीला आहे आणि दर रविवारी फोनवर म्हणतो, "आई, बस झालं की आता." ताई म्हणतात, "व्हय रे," आणि सोमवारी पहिल्या गाडीने कामावर.

पण हा सोमवार निराळा होता. डब्यांची आखणी करणारे नृसिंहकाका लेकीकडे नाशिकला राहायला गेले होते. त्यांचं तिरकं टेबल, पट्ट्या, कंपास सगळं रिकामं पडलेलं. मालकीण सुचित्राताईंनी बाहेरून माणूस आणायचं ठरवलंच होतं, तेवढ्यात जयमालाताई दारात उभ्या राहिल्या.

"मॅडम, मी काढू का?"

"काय काढणार?"

"आखणी. काकांची रेघ चुकली की ती आदी माझ्याच बोटांना कळायची."

सुचित्राताईंनी चष्मा वर केला. "बरं. पारनेरच्या बन्सीशेठचा अर्ध्या किलोचा डबा आहे. ते दुपारी बाराला येतील. आखणी मंजूर झाली तर टेबल तुमचं. नाहीतर उद्यापासून नवा माणूस."

बन्सीशेठची मागणी सगळ्या छापखान्याला पाठ होती. त्यांचं दुकान एवढंसं, आणि डबे आधीच उभे करून ठेवायचे म्हणजे, त्यांच्याच शब्दांत, "मी बसू का डबं बसवू?" त्यांना असा डबा हवा होता, जो चिकटवलेलाच येईल, पण पापडासारखा सपाट. गिऱ्हाईक आलं की फट्‌दिशी उघडायचा. झाकणावर डाव्या हाताला म्हैस, उजव्या हाताला गोल खिडकी, आतले पेढे दिसायला.

ताईंनी पांढरा पुठ्ठा पसरला. कापायची रेघ सलग, घडीची तुटक. तळ मधे: लांबी एकशे ऐंशी मिलिमीटर, रुंदी एकशे दहा. चारी बाजूंना चाळीस मिलिमीटरच्या भिंती. मागच्या भिंतीला झाकण जोडलेलं.

शेजारच्या कॉम्प्युटरवर देवश्री बसली होती. नुकतीच कॉलेज संपवून आलेली, तोंडाची फटाकडी. "ताई, चारी कोपऱ्यांना चिकटवायच्या पट्ट्या चौकोनी द्या ना, छान दिसतात."

"दिसत्यात छान. पन डबा मिटायचा न्हाई."

"का नाही मिटणार?"

"बस इथं." ताईंनी एक कच्चा कोपरा कापून तिच्या हातात दिला. "ही आखूड भिंत आत पाड. आता कोपऱ्यात ती कुठं मोडती बघ."

देवश्रीने पाडली. तळाच्या कोपऱ्यापासून वर तिरकी घडी आपोआप पडू पाहत होती.

"ही तिरकी घडी उलटी मोडते, म्हनून डबा सपाट होतो. लांब भिंतीची पट्टी हिच्यावर आली आन् गोंद लागला, की घडी जखडली. मग ओढ, बोंबल, काय बी कर. पट्टी त्या वरच्या तिकोनातच मावली पायजे. म्हनून खालून तिरकी छाटायची."

"हे काकांनी शिकवलं?"

"काका कवा पट्टी चिकटवायचे? हे चिकटून बसलेल्या डब्यांनी शिकवलं."

पट्ट्यांवर त्यांनी पेन्सिलीने लिहिलं: 'इथं शाई नको, वॉर्निश नको.' गुळगुळीत वॉर्निशवर गोंद धरत नाही, हेही डब्यांनीच शिकवलेलं. देवश्रीने आखणी स्कॅन करून घेतली. मग ताईंनी कापलं, घड्या पाडल्या, चार कोपरे चिकटवले, दाबून धरले. डबा मिटला. उघडला. मिटला. ताईंनी तो देवश्रीच्या नाकासमोर फट्‌दिशी उघडला.

"आई गं!" देवश्री टाळ्या पिटायला लागली. खिडकीही बरोबर उजवीकडे होती.

साडेअकरा झाले. देवश्रीने स्कॅन केलेल्या आखणीवर म्हशीचं चित्र बसवलं आणि पडद्याजवळ वाकली.

"ताई… म्हशीला डोकं नाहीये."

पडद्यावर म्हैस डौलात उभी होती. मानेपासून पुढे गोल भोक. खिडकी डावीकडे आली होती.

"आसं कसं? ह्या डब्यात उजवीकडं हाय की!"

"डब्यात आहे. रेघांत नाही."

नेमक्या त्याच वेळी बन्सीशेठ, बाराच्या आधीच, आत आले, मागून सुचित्राताई. शेठनी पडदा पाहिला, टोपी मागे सरकवली.

"आरं तिच्या! आमच्या म्हशीचं तोंड कुनी नेलं?"

"शेठ, जरा…" सुचित्राताई.

"न्हाई, कल्पना वाईट न्हाई. तोंडाच्या जागी पेढे! लोकं म्हनतील, बन्सी म्हशीला बी पेढेच चारतो."

देवश्री फुसकन हसली. सुचित्राताई हसल्या नाहीत. "जयमालाताई, यावर कापायचा साचा, डाय, बनली असती आणि दहा हजार डबे छापून कापले असते, तर?"

ताईंची बोटं गप्प बसेनात. त्यांनी चिकटवलेला डबा उचलला, एक कोपरा सोडवला, दुसरा, तिसरा, चौथा. पुठ्ठा परत सपाट अंथरला, झाकण आपल्याकडे, जसा रोज अंथरतात तसा. पेन्सिलीच्या रेघा वर. खिडकी डावीकडे. त्यांनी पुठ्ठा पालथा केला. खिडकी उजवीकडे.

"हात्तिच्या!" त्या मटकन स्टुलावर बसल्या आणि हसायलाच लागल्या. "मी डबा आतून काढला वो मॅडम!"

"म्हणजे?"

"बावीस वर्षं मी डबा आतूनच बघितला. छापलेली बाजू खाली, पांढरी बाजू वर, गोंद लाव, दाब, पुढचा. म्हैस कधी नीट बघितलीच न्हाई मी. आखताना पन आतनंच आखलं. डबा बरोबर हाय. रेघा उलट्या बाजूच्या हायेत."

देवश्रीने एक बटण दाबलं. सगळी आखणी आरशातल्यासारखी फिरली, चित्र जागच्या जागी राहिलं. म्हशीला डोकं आलं, शिंगांसकट.

"झालं!" देवश्री म्हणाली.

"कुठं झालं? छाप कागदावर. पडद्यावरच्या म्हशीचा मला भरवसा न्हाई."

पुढची वीस मिनिटं बन्सीशेठना चहा देऊन बसवलं गेलं, पण ते बसले नाहीत, ताईंच्या खांद्यावरून डोकावत राहिले. छापलेला कागद पुठ्ठ्याला डकवला, कापला, घड्या, चार कोपरे. शेठनी पिशवीतून पेढे काढले. अर्धा किलो, ओळीने. झाकण बसलं, खिडकीतून पेढे, शेजारी अख्खी म्हैस.

मग शेठनी डबा रिकामा केला, मिटला, एका हातात धरला आणि झटका दिला. फट्! परत. फट्! तिसऱ्यांदा त्यांनी तो सुचित्राताईंच्या तोंडासमोर उघडला.

"शेठ, मंजूर का?"

"मंजूर? आवो, ह्या बाईंना एक किलोचा बी काढायला सांगा. आन् पाव किलोचा बी." मग ताईंकडे वळून, "ताई, फकस्त भाईरनं काढा बरं का."

"भाईरनंच काढते, शेठ. आता म्हैस वळखीची झाली."

सुचित्राताईंनी नृसिंहकाकांच्या टेबलावरची धूळ स्वतःच्या पदराने झटकली. जयमालाताई स्टूल तिकडे ओढून बसल्या. ते थोडं उंच होतं; पाय जमिनीला टेकेनात. नवा पुठ्ठा घेतला आणि पहिली रेघ मारायच्या आधी वरच्या कोपऱ्यात ठळक अक्षरांत लिहिलं: 'छपाईची बाजू. ज. साळवे.'

"ताई, रविवारी तुषारला काय सांगणार?" देवश्रीने विचारलं.

"सांगीन, बसले म्हनून," ताई म्हणाल्या आणि एक किलोच्या डब्याचा तळ आखायला लागल्या.