काळा गूळ कशाला पाहिजे?

काळ्या गुळाची मावशी भाव सांगण्याआधी गिऱ्हाइकालाच विचारायची, "कशाला पायजे?" पनवेलच्या बाजारात असा दुकानदार दुसरा नव्हता. गिऱ्हाईक हसायचं, "लाडवाला, मावशे." मावशी तराजू खाली ठेवायची. "चार ढेपांचे लाडू? बारसं कुणाचं हाय, हत्तीचं?"

हा प्रश्न तिला बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतर सुचला. त्याआधी ती मुकाट्याने तोलत होती. दारूबंदी होती, म्हणून खाडीकडच्या झुडपांत हातभट्ट्या पेटत होत्या आणि त्यांना काळा, पाझरलेला गूळ लागत होता. मावशी विधवा. तिने दारू कधी गाळली नाही, नुसता गूळ विकला. त्यावर तिची चूल चालायची, आणि सुमनची, तिच्या मुलीची, शाळा.

दीक्षेनंतरच्या पहिल्या पावसाळ्यात एक भन्ते आमच्या वस्तीत वर्षावासाला राहिले. अष्टांगिक मार्ग सांगताना ते सम्यक आजीविकेपाशी थांबले. उपासकाने शस्त्रांचा, जिवांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा व्यापार करू नये, म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मावशी उभी राहिली.

"भन्ते, गूळ चालतो का?"

हशा पिकला. भन्ते हसले नाहीत. "गुळाला दोष नाही, उपासिके. पण तोलताना तो कुठे जाणार, हे तुम्हाला ठाऊक असतं का?"

"असतं," मावशी म्हणाली आणि खाली बसली.

त्यानंतर ते लाडवांचे प्रश्न सुरू झाले. खाणाऱ्याला गूळ द्यायचा, गाळणाऱ्याला नाही. पण काळा गूळ खाणारे पनवेलात होते किती? दिवाळीआधीच दुकान बंद पडलं. मायलेकी मिठागरावर जाऊ लागल्या. खाऱ्या पाण्याने मावशीच्या टाचा फाटल्या, आणि सातवीतल्या सुमनचं दप्तर खुंटीला लागलं ते लागलंच. वस्तीची पत्रकं मी लिहायचो; सम्यक आजीविका हे दोन शब्द पत्रकात किती स्वस्त असतात, ते मी त्या खुंटीकडे बघून शिकलो.

आमच्या विहार कमिटीचे अध्यक्ष सुदामतात्या हे मावशीचे चुलतदीर. तिचं दुकान बंद झालं आणि आठ-पंधरा दिवसांत त्यांनी ओटीवर काळा गूळ मांडला. तीच गिऱ्हाइकं, तेच लाडू! दर रविवारी तात्या सगळ्यांच्या पुढे उभे राहून पंचशील म्हणत. मद्यापासून दूर राहण्याचं पाचवं शील ते सर्वांत मोठ्या आवाजात म्हणत, आणि मागच्या रांगेतून त्यांच्याच गुळाच्या दारूचा वास येई. विहारातली बुद्धमूर्ती तात्यांनी दिली. कमिटीने टाळ्या वाजवून घेतली.

मी पेटलो. पत्रक लिहिलं, 'धम्माच्या ओट्यावर दारूचा गूळ'. छापण्याआधी मावशीला वाचून दाखवलं. ती टाचांना तेल चोळत ऐकत होती.

"खरं हाय सगळं," ती म्हणाली. "पण बाबा, ह्यात तुजा राग किती नि तात्याचं भलं किती?"

"मावशी, खरं बोलणं म्हणजेच सम्यक वाचा!"

"खरं तर बोलायचंच. पण त्याला सुधराया बोलायचं, जाळाया नाय. मला काय राग येत नाय? रोज येतो. आलेला घालवायचा, नवा येऊ नाय द्यायचा, तोच तर यायाम." सम्यक व्यायाम तिच्या तोंडी असा यायचा. भन्त्यांनी सांगितलेलं ती मिठाची पाटी उचलताना, नळावरच्या भांडणात घासून बघायची.

मग ती तात्यांकडे एकटीच आत गेली. मी उंबऱ्याबाहेर थांबलो.

"तात्या, तोलताना ठाऊक असतंय ना तुमाला?"

"वयनी, गिऱ्हाईक गेलं म्हणून पोटात दुखतंय व्हय? गूळ म्हंजे दारू, असं कुठं लिवलंय?"

"लिवलेलं नाय. म्हणून तर इचारते."

तात्या हसले. मावशी परत आली, आणि दुसऱ्या दिवशी मिठागरावर गेली. माझं पत्रक तिने छापू दिलं नाही. ती चुकली, असं मला आजही वाटतं. मऊ बोलणं तात्यांसारख्यांना फार सोयीचं पडतं.

चार उन्हाळे तिने मिठागरावर काढले. पाचव्यात ज्वराने गेली. शोकसभेत तात्या गहिवरून बोलले, "मावशी आर्य अष्टांगिक मार्गावर चालली." कमिटीने माना डोलावल्या. त्या मार्गावर तिच्यासोबत चार पावलं चालायला, सुमनच्या शाळेला हात द्यायला यांतलं कुणी आलं नव्हतं. मग तात्यांनी पोरक्या सुमनवर मोठी दया केली. तिला दुकानात बसवलं.

परवा बाजारातून येताना मी तिथे थबकलो. सुमन तराजू धरून बसली होती. एक ओळखीचा भट्टीवाला आला, ढेपांकडे बोट दाखवलं.

"कशाला पायजे?" तिच्या तोंडून निघून गेलं.

आतून तात्या खाकरले.

"लाडवाला," तो दात काढून म्हणाला.

सुमनने माझ्याकडे पाहिलं, मग खाली मान घातली आणि गूळ तोलला.