रतिलालच्या उत्तरातलं वाक्य

शहाद्यात सत्तारभाई पिंजारी म्हटलं की लोकांना दोन गोष्टी आठवायच्या. एक त्याने भरलेली गादी, जी बरीच वर्षं खाली बसत नाही. दुसरा त्याचा ट्रम्पेट. लगीनसराई नसली की तो दुकानात कापूस पिंजायचा, आणि लगीनसराई लागली की दुकानाला अर्धं दार लावून लाल कोट चढवायचा. वरात निघाली की बँडच्या सगळ्यात पुढे तो असायचा. डोळे मिटून, मान किंचित डावीकडे झुकवून तो पहिला सूर लावायचा आणि मग मागचे ढोल सुरू व्हायचे.

बँड नवनीतचा. नवनीत लोणखेड्याचा, घरी ऊस आणि केळी, पण जीव वाजवण्यात. तरुणपणी त्याने वडिलांशी भांडून बँड काढला, तेव्हा त्याच्याकडे दोन ढोल आणि सत्तार एवढंच होतं. पहिल्या वर्षी कोणी बोलवेना, तेव्हा हे दोघं खांडबाऱ्याच्या बाजारात नुसतेच उभे राहून वाजवायचे, लोकांनी नाव ऐकावं म्हणून. पुढे बँडला गाडी आली, दिव्यांची छत्री आली, कीबोर्ड आला. सत्तार पुढेच राहिला. नवनीतच्या लग्नात वरातीपुढे त्यानेच वाजवलं, आणि सत्तारची बायको बिस्मिल्ला दवाखान्यात होती तेव्हा नवनीतच्या घरून रोज डबा जायचा. दोघं एकमेकांना ‘तू’ म्हणायचे. सत्तार वयाने मोठा म्हणून नवनीत फक्त ‘भाई’ जोडायचा.

गेल्या पावसाळ्यात सत्तारचे पुढचे वरचे दात पडले. हिरड्या आधीपासूनच खराब होत्या. त्याने कवळी बसवून घेतली. बोलताना कोणाला कळायचं नाही, पण ट्रम्पेट ओठाला लावला की उंच सुराला ती कवळी आतल्या आत सरकायची आणि सूर फाटायचा. ट्रम्पेट वाजवणाऱ्याचं सगळं बळ ओठांत, आणि ओठांना टेकू दातांचा. सत्तार दुपारी दुकानाचं दार लावून एकटाच सराव करायचा. हळूहळू बरं जमत होतं. तरी भीती होतीच. ती त्याने एकाच माणसाला सांगितली. नवनीतच्या केळीच्या मळ्यात, विहिरीच्या काठावर बसून त्याने कवळी काढून दाखवली होती.

नवनीत हसला नव्हता. म्हणाला होता, “भाई, तू चिंता नको करू. मन्हा बँड म्हणजे तू. ही गोट मन्हा पोटमाच ऱ्हाई.”

त्या दिवशी सत्तार हलका होऊन घरी आला होता.

बँडच्या मंडळींचा व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप होता. तो सत्तारची मुलगी मंतशा हिने बापाच्याच फोनवरून काढून दिला होता, म्हणून त्याचा ‘अ‍ॅडमिन’ सत्तार. त्याला त्या पदाचं काही नव्हतं. कुठल्या गावाला, किती वाजता, कुठला कोट, एवढं तो त्यात बघायचा.

कळसाडीचं मोठं लग्न जवळ आलं होतं. एका दुपारी सत्तार गादीला टाके घालत होता. फोन वाजला, पण हातातला दोरा सुटू नये म्हणून त्याने लगेच पाहिलं नाही. टाके संपवून, अंगावरचा कापूस झटकून त्याने चष्मा लावला. ग्रुपमध्ये नवनीतच्या नावाखाली पुसट अक्षरं होती, ‘हा मेसेज डिलीट केला गेला’. त्याच्या खाली रतिलालचं उत्तर होतं. रतिलाल ढोलवाला, बँडमधला जुना गडी. उत्तर एवढंच होतं, ‘बरोबर शे भाऊ. तळोदाना वाजाडनाराले मी सांगी ठेवस.’

आणि त्या उत्तराच्या डोक्यावर एक लहान चौकट होती. चौकटीत नवनीतचं नाव, आणि नावाखाली:

‘सत्तारभाईना पुढला दात नकली शेतस, उंच सूर लागत नही. कळसाडीले दुसरा मानूस लाव. त्याले सांगू नको.’

सत्तारने ते पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून पुसला, जणू काचेवरच काहीतरी लागलं होतं. ग्रुपमध्ये बँडची सगळी माणसं होती. कवळीची गोष्ट आता सगळ्यांना ठाऊक झाली होती.

त्याने नवनीतला फोन लावला.

“नवनीत, ग्रुपमा तुनी काय टाकेल व्हतं? पुसी टाकं ना?”

“अरे काही नही, भाई,” नवनीत मोकळेपणाने हसला. “केळीना फोटो चुकीसन गया. व्यापारीले धाडाना व्हता. कळसाडीले टाइमवर ये बरं, तूच पुढे शे.”

सत्तार ‘हा’ म्हणाला आणि फोन ठेवला. खोटं इतकं सहज बोलता येतं, तेही आपल्याशी, हे त्याला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. तरी मन पळवाट शोधत होतं. कदाचित रतिलालनेच काही चावटपणा केला असेल. फोनच्या गोष्टी, आपल्याला काय कळतं.

संध्याकाळी मंतशा कॉलेजातून आली. त्याने फोन तिच्यापुढे धरला. वाचताना तिचा चेहरा उतरला. बिस्मिल्ला चुलीपासून विचारत राहिली, काय झालं.

“हे पुसलेलं आहे ना?” सत्तारने विचारलं. “मग इथे कसं दिसतं? रतिलालने त्याच्या नावाने लिहिलं असेल का?”

“नाही अब्बा. या चौकटीत हाताने काही लिहिता येत नाही. साध्या अ‍ॅपमध्ये तरी नाही. नवनीतचाचांना हे फक्त रतिलालचाचांना पाठवायचं असणार, चुकून ग्रुपमध्ये पडलं. रतिलालचाचांनी त्याच मेसेजवर बोट सरकवून उत्तर दिलं. तसं केलं की मूळ मेसेजची नक्कल उत्तराच्या आत बांधली जाते, आणि उत्तराबरोबर सगळ्यांच्या फोनवर पोचते.”

“पण त्याने तर सगळ्यांकडचं पुसलं.”

“स्वतःचा मेसेज पुसला. तेव्हा सगळ्यांच्या फोनना सांगितलं जातं की हा अमुक मेसेज काढा. फोन तेवढाच काढतात. उत्तर हा वेगळा मेसेज, रतिलालचाचांचा. त्याच्या आत जी नक्कल आहे तिला कोणी हात लावत नाही. ते उत्तरच काढलं तर ती जाईल.” तिने चौकटीवर बोट टेकवलं. पडदा वर सरकला आणि नवनीतच्या नावाच्या त्या पुसट ओळीवर येऊन थांबला. “बघा, मूळ इथलंच.”

मंतशा म्हणाली, “तुम्ही अ‍ॅडमिन आहात, तुम्हाला काढता येईल. काढू?”

“राहू दे,” सत्तार म्हणाला. “वाचायचं त्यांनी वाचलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो लोणखेड्याला गेला. सरावाच्या खोलीत नवनीत कोटांची बटणं तपासत होता आणि रतिलाल ढोलाची दोरी आवळत होता. सत्तारने फोन नवनीतच्या हातात दिला.

नवनीतने पाहिलं. आदल्या दिवशी आपली ओळ नाहीशी झालेली पाहून तो निर्धास्त झाला होता. खालचं उत्तर त्याने नीट पाहिलंच नसावं. त्याने मान वर केली आणि रतिलालकडे बोट केलं.

“मी काही लिखं नही. यानीच कायतरी करी टाकेल व्हई. हाऊ रतिलाल काड्या लावस, तुले माहीत शे.”

रतिलालच्या हातून दोरी सुटली. “भाऊ! मी?”

“दाखाड तुन्हा फोन.”

रतिलालने फोन काढला. त्याच्या फोनवर ते उत्तर नव्हतंच. त्याने अडखळत सांगितलं, की रात्री घोटाळा लक्षात आल्यावर त्याने उत्तर पुसायला घेतलं, पण घाईत ‘फक्त माझ्यासाठी’वर बोट पडलं. त्याच्याकडून ते गेलं, बाकी सगळ्यांकडे राहिलं, आणि आता त्याला ते तिथून काढताही येईना.

“देख!” नवनीत म्हणाला. “त्यान्हाच फोनमा नही. कोन लबाड शे ते समजी जा.”

सत्तार खाली सतरंजीवर बसला. त्याच्या आवाजात राग नव्हता.

“नवनीत, आते ग्रुपमा काही बी लिख.”

“कसाले?”

“लिख ना. तुन्हाच हातनी.”

नवनीतने सत्तारचा फोन परत दिला आणि नाइलाजाने स्वतःच्या फोनवर लिहिलं, ‘सराव दुपारी’. सत्तारने रतिलालला त्यावर उत्तर द्यायला लावलं. रतिलालने बोट सरकवलं आणि ‘हा’ लिहिलं. मग सत्तार म्हणाला, “आते तुन्हं पुस. सर्वासाठी.” नवनीतने पुसलं. सत्तारने स्वतःचा फोन तिघांच्या मधे ठेवला. वर पुसट ओळ, खाली रतिलालचा ‘हा’, आणि ‘हा’च्या डोक्यावर, नवनीतच्या नावाखाली, ‘सराव दुपारी’.

बाहेर उसाचा ट्रॅक्टर गेला.

“भाई,” शेवटी नवनीत म्हणाला, “कळसाडीवाला मोठा लोक शेतस. सूर फाटता तं बँडनं नाव जातं. तुले तोंडवर कसं सांगू, मन्हा जीव व्हयना नही.”

“तू सांगता तं मी स्वतः मागे उभा ऱ्हाता,” सत्तार म्हणाला. “तळोदावालाले मीच सूर दाखाडता. पण मन्हा दात तू गावले दाखाडात. आनि आते या गरीबना गळामा घाली ऱ्हायना.”

नवनीतने त्याचा हात धरायला हात पुढे केला. सत्तार उठला. रतिलाल दारापर्यंत मागे आला, “भाई, माफ कर, भाऊनी सांगं म्हनीसन मी हा म्हनं,” असं म्हणत राहिला. सत्तारने त्याच्याकडे पाहिलं. रतिलाल खोटं बोलत नव्हता. पण ‘त्याले सांगू नको’ यालाही त्याने ‘बरोबर शे’च म्हटलं होतं.

लाल कोट त्याने दुसऱ्या दिवशी मंतशाच्या हाती पाठवून दिला, धुऊन, इस्त्री करून. ग्रुपमधूनही तो निघाला. कळसाडीचं लग्न तळोद्याच्या माणसाने वाजवलं, चांगलं वाजवलं असं लोक म्हणाले. सत्तारला ते ऐकून बरंही वाटलं नाही आणि वाईटही. दुपारचा सराव मात्र त्याने बंद केला. एकदा बिस्मिल्लाने ट्रम्पेट पुसून खाटेवर ठेवला, तर त्याने तो उचलून कपाटावर टाकला आणि तिला पुन्हा काही विचारू दिलं नाही. कवळीचा विषय कुणी काढला नाही, पण रस्त्यात बँडमधला माणूस भेटला की त्याची नजर आधी सत्तारच्या तोंडाकडे जायची, हे त्याला दिसायचं. तो हसणं टाळू लागला.

उन्हाळा लागता लागता नवनीत दुकानात आला. पुतणीच्या, चारुलताच्या, अक्षय्य तृतीयेला असलेल्या लग्नासाठी गाद्या हव्या होत्या. दुसरीकडे कुठे जाता आलं असतं, पण तो इथेच आला. दारात उभा राहून म्हणाला, “भाई, कसा शेस?”

सत्तारने त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. कापूस कुठला घालू, खोळ कोणती, किती जाड हवी, सगळं नीट विचारून घेतलं. माप सांगता सांगता नवनीतचे डोळे भरून आले. तो म्हणाला, “तू काही तं बोल. शिव्या दे माले.”

सत्तारने पट्टी गुंडाळली.

“आखाजीना आगे तयार व्हई जाई,” तो म्हणाला. “तुम्ही मानूस धाडी द्या, नवनीतशेठ. तुम्ही स्वतः नका येऊ.”