एका पोटरीची सूज

हर्नियाच्या ऑपरेशननंतर सर्जनने बजावलं होतं की दुसऱ्या दिवसापासून घरात हिंडाफिरायचं. मी पाटबंधारे खात्यात जन्म काढलेला माणूस. वरून आलेली सूचना वाचून बाजूला ठेवायची सवय. सेवानिवृत्तीनंतर प्रथमच घरात माझ्या शब्दाला किंमत आली होती. पाणी म्हटलं की पाणी, चहा म्हटलं की चहा. असं राज्य सोडून चालायला कोण जाईल? दहा दिवस मी अमरावतीच्या आमच्या घरात पलंगावर संस्थानिकासारखा लोळलो.

अकराव्या दिवशी डावी पोटरी सुजली. उजवी होती तशीच काडी. डावी ताणलेली, गरम आणि दाबली की दुखणारी.

घरात लगेच तज्ज्ञांची समिती बसली. शेजारच्या काकूंनी वात ठरवला. माझ्या साळ्याने शीर चढल्याचं निदान केलं, आणि निदानासोबत जुन्या वस्तीतला मालिशवालाही आणला. त्याने तिळाचं तेल वाटीत कोमट केलं, बाह्या सारल्या आणि म्हणाला, "दोन हात मारतो, सकाळी पळसान."

तेवढ्यात भाची ड्युटीवरून आली. ती सरकारी दवाखान्यात नर्स. पाय पाहताच ती दारातूनच ओरडली, "मामा, त्यायले पायाले हात नका लावू देऊ!"

"काहून? तेलच तर आहे," साळा म्हणाला.

"दोन्ही पाय सुजले असते तर हृदय, किडनी, असं काहीबाही पाहिलं असतं. हा एकच सुजला, तोही ऑपरेशन होऊन पडल्यापडल्या. आत रक्ताची गुठळी असू शकते. चोळली अन् सुटली, तर फुफ्फुसात जाते."

मालिशवाला शहाणा निघाला. मुकाट्याने वाटी उचलून गेला. साळ्याचं तोंड मात्र दोन दिवस फुगलेलं होतं, आणि त्याला सोनोग्राफीची गरज नव्हती.

भाचीने ऑटोत पाय आडवा टाकून मला सोनोग्राफी सेंटरवर नेलं. तिथे सगळ्या गरोदर बाया आणि मधोमध साठीचा मी. भिंतीवर मोठा फलक : येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. मला तेवढाच दिलासा. काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता सगळ्यांसोबत मलाही फर्मावलं, "पाणी पिऊन बसा, लघवी रोखून ठेवा." मी आज्ञाधारकपणे लिटरभर पाणी प्यायलो. आत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पायाच्या तपासणीसाठी पाणी कशाला प्यालात?" सरकारी नोकरीत मीही असंच पाणी पाजत आलो होतो, तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

मोकळा होऊन आलो. बाईंनी जांघेत थंडगार जेल लावलं आणि यंत्राचा दांडा ठेवून दाबला. पडद्यावर दोन काळे गोल दिसले. "ही धमनी, ही शीर. दाबल्यावर शीर चपटी व्हायला पाहिजे. बघा, झाली." मांडीभर तसंच झालं. गुडघ्याच्या मागे मात्र शीर दाबूनही गोलच राहिली. आत करड्या रंगाचं काहीतरी भरलेलं होतं. बाईंनी यंत्रावर रक्ताचा प्रवाह दाखवणारा कलर लावला. धमनी ठेका धरून लखलखली. शिरेत मात्र कडेने एक बारीक रेघ, बाकी अंधार.

"लाल म्हणजे शुद्ध रक्त अन् निळं म्हणजे अशुद्ध ना?" मी शाळेतलं ज्ञान पाजळलं.

"नाही हो काका. रक्त दांड्याकडे येतं की दूर जातं, तेवढंच रंग सांगतो. अन् जिथे रंगच नाही, तिथे गुठळी आहे."

माझी सगळी हुशारी तिथे संपली. मला माझी मोठी चुलत बहीण आठवली. साठच्या दशकातली गोष्ट, आम्ही तेव्हा बाळापूरजवळच्या खेड्यात राहत होतो. ती बाळंत झाली, आणि बाळंतिणीने उठू नये म्हणून घरच्यांनी तिला निजवून ठेवलं. तिचा एक पाय सुजून पांढुरका झाला. बायांनी तो सकाळ-संध्याकाळ चोळला. अकोल्याला न्यायचं ठरत होतं, पण बैलगाडी कोणाची यावरच दोन दिवस बोलणं चाललं. आठव्या दिवशी ती उठून बसली, "मले श्वास येऊन नाही राहिला" म्हणाली, आणि गेली. सगळ्यांनी मिळून नजर लागल्याचं ठरवलं. मी दहा-बारा वर्षांचा होतो. मलाही ते पटलं.

तिचं नेमकं काय झालं, ते आता कोण सांगणार? पण त्या टेबलावर मला रडू आलं. डॉक्टरीणबाईंना वाटलं, पाय दुखतो.

त्याच दिवशी फिजिशियनने दवाखान्यात ठेवून पोटाच्या कातडीत इंजेक्शनं सुरू केली. मग गोळ्या आल्या, आणि रक्त किती पातळ झालं ते बघायला वरचेवर तपासण्या. "औषध गुठळी विरघळवत नाही, वाढू देत नाही," ते म्हणाले. "विरघळवायचं काम शरीर करेल, हळूहळू." म्हणजे तेही आमच्याच खात्याचं. पण त्याने काम केलं. काही महिन्यांनी पुन्हा पाहिलं तेव्हा शीर बरीच मोकळी झाली होती. संध्याकाळी पोटरी थोडी जड होते अजून, सकाळी डॉक्टरांनी सुजेसाठी दिलेला घट्ट लांब मोजा चढवताना मी बायकोला हाक मारतो आणि ती आतूनच सांगते, "तुमचे तुमी घाला."