दहा पानांच्या आत

डोळ्यावर पट्टी बांधलेल्या बहिणीचा हात धरून फत्तेसिंगाने तिला जयनगरचा रस्ता ओलांडून दिला. एकोणीसशे चौऱ्याण्णवचा फेब्रुवारी चालू होता. अंबुबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि डॉक्टरांनी महिनाभर वाचायचं नाही म्हणून बजावलं होतं. "अक्का, पायरी आहे," फत्तेसिंग म्हणाला. "पुस्तकाची काळजी सोड. प्रुफं मी बघतो." अंबुबाईंनी मान हलवली. आयुष्यात दुसऱ्याच्या हाती प्रुफं देण्याची ही त्यांची पहिलीच वेळ.

तर या अंबुबाई. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात स्टोअरच्या कारकून म्हणून बावीस वर्षं नटबोल्ट मोजत बसलेल्या, लग्नाच्या भानगडीत न पडलेल्या, आणि जिभेला हाड नसलेल्या बाई. तीनशे वर्षं तरी त्यांच्या घराण्याने याच कानडी मुलखात काढलेली. घरात मराठी, बाहेर कानडी. अंबुबाई गोष्टी लिहायच्या त्या कानडीत, कारण आनेकलच्या बसमध्ये वाचणाऱ्या बायका कानडी वाचायच्या. स्वतः लिहायचं, स्वतः छापून घ्यायचं, स्वतः पिशवीत घालून स्टँडवर न्यायचं. प्रकाशक नाही, शिफारस नाही, प्रस्तावना लिहायला कोणी थोर माणूस नाही.

पहिलं पुस्तक सपशेल पडलं. का पडलं ते बाईंना आनेकलच्या स्टँडवर भीमाचार्यांनी सांगितलं. भीमाचार्य म्हणजे पुस्तकांच्या टपरीचे मालक, गंधाचा टिळा लावून बसलेले, खडूस म्हातारे. "वर बघा," ते म्हणाले. टपरीवर दोऱ्या ताणलेल्या आणि दोऱ्यांना चिमट्यांनी पुस्तकं टांगलेली. एकावर एक अशी टांगलेली की प्रत्येकाचं फक्त वरचं चार बोटं कपाळ दिसे. "तुमचं नाव खाली आहे. खाली कोण बघतो? बस सुटत असते, बाई. आणि मागच्या वेळी कोणतं वाचलं ते लोकांच्या ध्यानात राहत नाही. ध्यानात राहतो रंग."

अंबुबाई चिडल्या, पण घरी आल्या त्या विचार करतच आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाट्या रंगवणाऱ्या यल्लाप्पाला गाठलं. पुस्तक हळदीसारखं पिवळंधमक, त्यावर फक्त काळी शाई. अगदी वरती काळी पट्टी आणि पट्टीत नाव. खाली एकच वस्तू, रेघांनी काढलेली: कुलूप, तांब्या, कंदील. नाव मात्र दर वेळी तेच, त्याच जागी, त्याच वळणाचं. म्हणून त्यांनी नावाचा जस्ताचा ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, करून घेतला आणि तो प्रेसमध्ये न ठेवता घरी कपाटात ठेवला.

आणि नाव तरी कोणतं? 'अंबक्का.' अंबुबाई नव्हे. कानडीत 'बायि' म्हणजे तोंड. शाळेत पोरी त्यांना 'अंबू, बायि मुच्चु' म्हणून छळायच्या, म्हणजे अंबू, तोंड मीट. ते तोंड मिटायचं बाईंनी काही मनावर घेतलं नाही, पण पुस्तकावर ते नाव घालून वाचणाऱ्यांना हसायला लावायची त्यांची तयारी नव्हती. अक्का म्हणजे थोरली बहीण. बसमध्ये शेजारी बसून गोष्ट सांगणारी.

मागच्या पानावर एक ओळ: 'गुन्हेगार दहा पानांच्या आत तुमच्यासमोर येईल. अंबक्का फसवत नाही.' शेवटी कुठून तरी जुळा भाऊ काढायचा, असल्या लबाडीचा बाईंना मनस्वी तिटकारा. सात पुस्तकं झाली, सातही वेळा त्यांनी शब्द पाळला. बायका पैज लावायच्या, दहावं पान झालं की पुस्तक मिटून चोर कोण ते एकमेकींना सांगायच्या. टपरीवर येऊन पुस्तकाचं नाव कोणी विचारत नसे. "नवीन अंबक्का आली का?" एवढंच.

पट्टी सुटली, चष्मा आला, आणि फत्तेसिंगाने आठवं पुस्तक बहिणीच्या हातात ठेवलं. प्रेस त्याचाच होता.

"हे काय आहे?" अंबुबाई म्हणाल्या.

चार रंगांचं चकचकीत मुखपृष्ठ. पाठमोरी बाई, मोकळे केस, हातात पिस्तूल. गोष्टीत पिस्तूल कुठेच नव्हतं. खून दुधात विष घालून झाला होता. नाव गेलं होतं खाली पायाशी, नाजूक तिरप्या अक्षरात. आणि नाव होतं 'अंबुबाई'.

"अक्का, जरा वरच्या दर्जाचं दिसायला नको?" फत्तेसिंग म्हणाला. "पिवळं पुस्तक म्हणजे पंचांगासारखं. आणि माझ्या लेकीला, संयोगिताला, बघायला तंजावरकडचे आले, तेव्हा काय विचारलं माहीत आहे? त्या बसस्टँडवरच्या अंबक्का तुमच्या कोण? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चांगलं मराठ्यांचं नाव आहे तुला, ते लाव की."

"घरात मला काय म्हणतोस रे तू?"

"घरात म्हणणं निराळं, छापणं निराळं."

अंबुबाईंनी पुस्तक उलटलं. मागची ओळ तशीच होती, नावासकट. लोकांना ती आवडते हे त्याला ठाऊक होतं. मग त्यांनी आतलं पहिलं पान उघडलं आणि त्यांचे नवे डोळे पांढरे झाले. गोष्ट खुनापासून सुरू होत होती.

"पहिलं प्रकरण कुठे आहे, फत्त्या?"

"काढलं. नुसतं दूधवाला येतो, गप्पा मारतो, जातो. कंटाळवाणं. आणि ते काढलं की बरोब्बर सोळा पानांचा एक फर्मा कमी होत होता, तेवढाच कागद वाचला."

"अरे गाढवा! तो दूधवालाच खुनी आहे!"

दूधवाला आता थेट एकाहत्तराव्या पानावर उगवत होता. फत्तेसिंग खांदे उडवून म्हणाला, "एवढं कोण मोजतं?"

मोजतं कोण ते अंबुबाईंना माहीत होतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी आनेकलची बस पकडली. गठ्ठे त्यांच्या आधीच तिथे पोचले होते. दोरीवर नवं पुस्तक टांगलेलं, आणि चार बोटं कपाळावर दिसत होते फक्त मोकळे केस. आठवडाभर कोणी हात लावला नव्हता. शेवटी भीमाचार्यांनीच गिऱ्हाइकांना थांबवून सांगितलं होतं, ही आपलीच अंबक्का, घ्या, माझ्या शब्दावर घ्या. घेतलंही लोकांनी.

"माझा शब्द घेऊन तुम्ही चुलीत घातलात," म्हाताऱ्याने बाईंना बघताक्षणी तोफ डागली. "साठ वर्षांत मला कोणी खोटारडा म्हटलं नव्हतं."

तेवढ्यात नयना आली. बोम्मसंद्र्याच्याच दुसऱ्या एका कारखान्यात पाकिटं भरणारी, अंबक्काची सातही पुस्तकं पाठ असलेली मुलगी. बाईंना तिने कधी पाहिलं नव्हतं. पुस्तक तिने टपरीच्या फळीवर आपटलं. "दहा पानं मी दोनदा वाचली," ती कानडीत कडाडली. "दोनदा! वाटलं, मीच मूर्ख. कारखान्यात चौघींशी पैज लावली होती मी, सगळ्या हसल्या मला. अंबक्का फसवत नाही म्हणे! थू असल्या अक्कावर. पुढचं पुस्तक फुकट दिलं तरी नको."

अंबुबाई तिथेच, हातभर अंतरावर उभ्या. भावाने केलं, असं सांगता आलं असतं. पण पुस्तकावर भावाचं नाव नव्हतं. ज्या बाईने कारखान्यात साहेबांना सुनावलं, ती नाक शिंकरायच्या निमित्ताने टपरीमागे गेली आणि रडली.

संध्याकाळी त्यांनी भावाला सांगितलं, "सगळे गठ्ठे परत आण."

"वेड लागलंय? तंजावरकडच्या मंडळींना प्रती दिल्यात मी. त्यांना आवडलं."

"त्यांनी वाचलं का?"

"बघितलं. स्वल्प समजून घे, अक्का. नाव घराण्याचंही असतं."

"घराण्याचं नाव तू सांभाळ. माझं मी मिळवलंय."

कपाटातला ब्लॉक फडक्यात गुंडाळून अंबुबाई दुसऱ्या एका प्रेसवर गेल्या. गाळलेलं प्रकरण त्यांनी सोळा पानांच्या पिवळ्या पुस्तिकेत छापून घेतलं. वर काळी पट्टी, तेच नाव. खाली यल्लाप्पाने काढलेली दुधाची किटली. मागे त्यांनी लिहिलं: 'ही पानं मूळ पुस्तकात हवी होती. मी न वाचता पुस्तक बाहेर जाऊ दिलं, चूक माझी. ज्यांनी अंबुबाई या नावाचं पुस्तक घेतलं, त्यांनी ही पानं फुकट न्यावीत. त्या नावाचं पुस्तक पुन्हा निघणार नाही. अंबक्का.'

तीन आठवडे त्या रोज टपरीपाशी स्टुलावर बसल्या. लोक आले ते शिव्या द्यायलाच आले. बाईंनी ऐकून घेतल्या, पानं दिली. काहींनी पानं तिथेच फाडली. भीमाचार्य त्यांच्याशी एक शब्द बोलले नाहीत, पण चौथ्या दिवशी त्यांनी चकचकीत पुस्तकं उतरवली आणि सगळ्यात वरच्या दोरीवर पिवळी पुस्तिका टांगली. नयना सोळाव्या दिवशी आली. उभ्याउभ्या तिने पानं वाचली, आठव्या पानावर थांबली. "दूधवाला," ती म्हणाली. "मापात बोट बुडवतो तेव्हाच कळायला हवं." मग बाईंकडे नीट बघून, "तुम्हीच का?" बाईंनी मान हलवली. "यापुढे तुमचं मी आधी इथे उभी राहून दहा पानं वाचणार. मगच घेणार," असं सांगून ती बसमध्ये चढली. क्षमा नव्हती ती. पण अंबुबाईंना तेवढंही पुष्कळ वाटलं.

पुस्तिकेची एक प्रत तंजावरकडे पोचली. घराण्याच्या नावाचं पुस्तक खुद्द लेखिकेनेच नाकारलंय, हे काय, असं सोयऱ्यांनी फत्तेसिंगाला फोन करून विचारलं. तो तरातरा बहिणीच्या घरी आला, दारातच उभा राहिला. जन्मात ज्या बहिणीला त्याने अक्का सोडून दुसरी हाक मारली नव्हती, तिला तो म्हणाला, "अंबुबाई, आजपासून तुमचा आमचा संबंध संपला."

अंबुबाईंनी वर पाहिलं. "सरी," एवढंच म्हणाल्या, कानडीत, म्हणजे बरं.

मे महिन्यात संयोगिताच्या लग्नाची पत्रिका पोस्टाने आली. चार रंगांची, चकचकीत. 'आपले विनीत' म्हणून छापलेल्या यादीत काका होते, मामा होते, लांबचे आजोबा होते. आत्या नव्हती. अंबुबाईंनी ती प्रुफासारखी ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचली, कुठे नजरचूक तर नाही ना म्हणून. मग पत्रिका उलटी ठेवली आणि नवव्या पुस्तकाचे कागद पुढे ओढले.

पिवळं पुस्तक, वर काळी पट्टी, खाली चष्मा. दिवाळीला ते आनेकलच्या दोरीवर लागलं. नयनाने ठरल्याप्रमाणे उभ्याउभ्या दहा पानं वाचली, पण गुन्हेगार ओळखायला तिला दहा लागली नाहीत. पहिल्याच पानावर डोळ्यावर पट्टी बांधलेल्या बहिणीचा हात धरून एक भाऊ तिला रस्ता ओलांडून देत होता, आणि म्हणत होता, "अक्का, पायरी आहे."