लेस्टरची सही

आमच्या खोऱ्यात शिवीसुद्धा जपून द्यावी लागते. ज्याला द्याल तो तुमच्या मावशीचा जावई निघतो. नॉर्वेहून आलेल्या त्याच बारा-तेरा घरांनी चार पिढ्या एकमेकांत सोयरीक केली आहे. अशा जागी लेस्टर पोकर्नी नावाचा माणूस एक्केचाळीस वर्षं पोस्टमन होता आणि कुणाचाच कुणी नव्हता. तो नेब्रास्काहून आला होता. लग्न केलं नाही. खोऱ्यातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला आम्ही मुलं काका म्हणायचो, त्याला मात्र नुसतं लेस्टर.

निवृत्तीनंतर त्याचा एक उपयोग निघाला. आजारपणात शुद्ध हरपली, बोलता येईनासं झालं, तर आपल्या वतीनं डॉक्टरांशी कोण बोलणार हे आमच्या विस्कॉन्सिनमध्ये आधीच कागदावर लिहून ठेवावं लागतं. दोन साक्षीदारांच्या देखत सही करायची. साक्षीदार रक्ताचा किंवा लग्नाच्या नात्याचा चालत नाही. उपचार करणारे डॉक्टर-नर्स चालत नाहीत. ज्याला प्रतिनिधी नेमलं तोही नाही. आणि मृत्युपत्रातून आपल्याला काही मिळणार आहे हे ज्याला ठाऊक आहे, तोही नाही. एवढी चाळण लावली की एखाददुसरं बाहेरचं माणूस सोडलं तर खोऱ्यात लेस्टर तेवढा उरायचा. त्याने त्रेचाळीस जणांच्या कागदांवर सही केली होती. स्वतःचं पेन आणायचा, आणि सही करण्याआधी साक्षीदाराचं निवेदन पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचायचा. लोक मनात म्हणायचे, वाच बाबा, पण लवकर वाच, कॉफी निवतेय.

फेब्रुवारीत माझ्या आईला, बोर्गहिल्डला, अर्धांगवायूचा हलका झटका आला. चार दिवसांत घरी आली. उजवा हात लुळा, बोलणं मात्र पूर्वीसारखंच धारदार. तिची बहीण इंगा पोटात घातलेल्या नळीवर दोन वर्षं नर्सिंग होममध्ये पडून होती आणि आई दर गुरुवारी तिच्याशेजारी बसून यायची. त्यामुळे तिला काय नको हे तिला पक्कं माहीत होतं. माझा भाऊ आर्लेन मिनियापोलिसला असतो. त्याने फोनवर सांगितलं होतं की आईला उपाशी मारायला तो कुणाला देणार नाही. म्हणून कागद पक्का हवा होता, आणि लवकर हवा होता, कारण दुसरा झटका केव्हाही येईल असं डॉक्टर म्हणाले होते.

साक्षीदार शोधताना आईच्या सवयीनं घात केला. आमच्याकडच्या बायका आपल्यामागे जी वस्तू ज्याला द्यायची, तिच्या तळाशी चिकटपट्टी लावून त्याचं नाव लिहितात. आई एवढ्यावर थांबली नव्हती. तिने यादी वकिलाकडे मृत्युपत्राला जोडली आणि ज्याला त्याला सांगूनही मोकळी झाली. चर्चच्या ज्या दोन-चार बायका नात्यातल्या नव्हत्या, त्याही बश्या आणि चादरींपायी बाद झाल्या. उरले आयोवाहून नव्याने आलेल्या पास्टर लोरेन आणि आपला लेस्टर.

शुक्रवारी दुपारी आमच्या स्वयंपाकघरात बसलो. प्रतिनिधी म्हणून माझं नाव लिहिलं होतं, कारीन. नर्सिंग होममध्ये ठेवायचा अधिकार प्रतिनिधीला आहे का, नळी नको म्हणायचा अधिकार आहे का, असे वेगवेगळे प्रश्न असतात. चौकट कोरी सोडली तर अधिकार नाही असंच धरतात. आईने दोन्हीकडे होय केलं. मग वाकड्यातिकड्या अक्षरांत सही केली. पास्टरबाईंनी सही केली. लेस्टरने चष्मा लावून वाचायला घेतलं आणि शेवटच्या वाक्याशी थांबला. माझ्या माहितीप्रमाणे या व्यक्तीच्या मालमत्तेवर माझा हक्क नाही, असं ते वाक्य आहे.

त्याने पेन खाली ठेवलं. "बोर्गहिल्ड, ती पेटी."

मला काहीच कळलं नाही. आई खिडकीबाहेर बघत होती. मग हळूहळू उलगडलं. माझ्या खापरपणजीबरोबर जहाजातून आलेली निळी पेटी, जिच्यावर आर्लेनचा लहानपणापासून डोळा होता, ती आईने लेस्टरच्या नावे केली होती. यादीत होती. नाताळात पेटी उलटवून तळाची पट्टीही त्याला दाखवली होती.

"विसर आता ते," आई म्हणाली. "सही कर. कोण विचारतंय?"

"आर्लेन विचारील. हा कागद कुणीतरी चिडलेलं असतं त्याच दिवशी उघडतात."

"मग सोमवारी वकिलाला सांगून तुझं नाव खोडते. मग करशील?"

लेस्टरने चष्मा काढून खिशात ठेवला. एवढ्या वर्षांत त्याने आमच्याकडे एक कप कॉफीसुद्धा मागून घेतली नव्हती. दिली तर प्यायचा.

"खोडू नकोस," तो म्हणाला. "दुसरं कुणीतरी बघ. एवढ्या एका घरात मला साक्षीदार करू नकोस."

पास्टरबाईंनी मान खाली घातली. आईने डाव्या हाताने त्याचा हात थोपटला. मला संताप आला होता, तो मी भांडी घासण्यावर काढला. दवाखान्यातली समाजसेविका साक्षीदार म्हणून चालते, तिची सोमवारी दहाची वेळ मिळाली. दोघी साक्षीदार एकत्र हव्यात म्हणून पास्टरबाईंनीही सोमवार मोकळा ठेवला. आई म्हणाली, दोन-तीन दिवसांनी काय बिघडतंय.

रविवारी सकाळी आई न्हाणीघरात पडली. त्यानंतर ती बोलली नाही.

दवाखान्यात मी एकाच साक्षीदाराची सही असलेला तो कागद पुढे केला. समाजसेविकेने तो दोनदा पाहिला आणि हळू आवाजात सांगितलं की आपल्या राज्यात नुसती मुलगी असणं पुरत नाही. आर्लेन रात्रीच गाडी चालवत आला. नळी घातली गेली. पालक नेमायला कोर्टात जावं लागलं. सात आठवड्यांनी माझं नाव लागलं, पण घातलेली नळी काढायची तर आईचं स्पष्ट म्हणणं सिद्ध करा, असं आलं. आर्लेनने विरोध केला. तारखा पडत गेल्या. मी शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे मुलांचं जेवण वाढायची आणि तिथून आईकडे जायची. काही वाटत नव्हतं. लेस्टर रोज तीनला यायचा, पलीकडच्या खुर्चीत बसायचा. आम्ही बोलत नव्हतो. ऑगस्टमध्ये आई न्यूमोनियाने गेली, नळीसकट.

दफनानंतर चर्चच्या तळघरात कॉफी होती. लेस्टर माझ्यासमोर बसला आणि कोटाच्या आतून घडी घातलेला कागद काढला. त्याचाच कागद होता. तारखेची जागा कोरी, चौकटी भरलेल्या. प्रतिनिधीच्या रेघेवर काहीच नव्हतं. कागदाच्या घड्या पिवळ्या पडल्या होत्या.

"तिथे लिहायला नाव नव्हतं," तो म्हणाला. "तू माझ्यावर चिडली आहेस, माहीत आहे मला. नाही म्हणालीस तरी चालेल."

"अजून चिडलेलीच आहे," मी म्हणाले.

"बरं."

मी त्याचं पेन घेतलं आणि रेघेवर माझं नाव, पत्ता, फोन लिहिला. मग साक्षीदार हवे होते. शेजारच्या टेबलावर आईच्या चुलतबहिणी व्हर्ना आणि ग्लॅडिस बसल्या होत्या. आईसाठी त्या चालल्या नव्हत्या. लेस्टरच्या त्या कुणीच नव्हत्या, तिथे जमलेल्या साठ माणसांपैकी त्याचं कुणीच नव्हतं, त्यामुळे कुणीही चाललं असतं. दोघी केक बाजूला ठेवून आल्या. लेस्टरने सही केली, मग त्यांनी न वाचताच सह्या केल्या. चार मिनिटंही लागली नाहीत.